काम परत पाठवा, पण हप्ता अडवू नका: लेबल डिझाइनच्या दुरुस्त्या कशा लिहायच्या

प्रश्न: मी धायरीत घरगुती मसाल्यांचा छोटा व्यवसाय करते. पाच मसाल्यांच्या लेबलांचं काम एका फ्रीलान्स डिझायनरला ४० हजारात दिलंय. १२ हजार आधी दिले, पाचही लेबलांचा पहिला पूर्ण सेट आला की १० तारखेला १६ आणि प्रेसला द्यायच्या फायनल फाइल्स आल्यावर उरलेले १२ असं ईमेलवर ठरलंय, दोनदा बदल करून देणार. ३ तारखेला काम आलं पण मराठी अक्षरं तुटलीत, रंग भडक दिसतोय, गोडा मसाल्याची मागची बाजूच नाही, सासूबाईंना तो लालच नकोय, आणि आता ५० ग्रॅमचं छोटं पाकीटही हवंय. मिस्टर म्हणतात १६ हजार थांबव. माणूस चांगला आहे, तोडायचं नाहीये. काम परत कसं पाठवू?

उत्तर:

सगळे १६ थांबवू नका. १० तारखेला १२,८०० द्या, ३,२०० गोडा मसाल्याचं लेबल पूर्ण आलं की त्याच दिवशी द्या, आणि दुरुस्त्यांची यादी मात्र ६ तारखेच्या आत एकाच ईमेलमध्ये पाठवा. हा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण तो आकडा कळला की बाकीचं बरंच सोपं होतं.

मी नारायण पेठेत एका छोट्या स्टुडिओत कामं वाटायचं आणि परत घ्यायचं काम बघतो, बाहेरचे डिझायनर, कॉपी लिहिणारे, फोटोवाले सगळे माझ्यामार्फत जातात. माझ्या अनुभवात पैशावरून जी भांडणं होतात त्यातली बहुतेक एका गोष्टीतून सुरू होतात, "काम आलं" आणि "काम पसंत पडलं" या दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच धरतात. तुमचा दुसरा हप्ता कशावर ठरलाय ते परत वाचा. "पाचही लेबलांचा पहिला पूर्ण सेट आला की." पहिला सेट म्हणजे त्यात चुका असणारच, त्यासाठीच तर दोनदा बदल धरलेत. पसंती, चुका काढणं, प्रेसला चालतील अशा फाइल्स देणं हे सगळं शेवटच्या १२ हजारांना बांधलंय. म्हणजे तुटलेल्या अक्षरांसाठी तुमच्या हातात १२ हजार आधीच आहेत, त्यासाठी १६ अडवायची गरजच नाही. १६ साठी एवढंच विचारायचं, पाच लेबलं आली का? चार आली, पाचवं अर्धं आलं. १६,००० भागिले पाच, एका लेबलाचे ३,२००, चार पूर्ण लेबलांचे १२,८००.

आता कोणी म्हणेल गोडा मसाल्याची पुढची बाजू तर आलीय मग त्याचे १,६०० द्यायचे का. मी एवढं बारीक कापत नाही, एक लेबल हे एकच नग धरायचं, पूर्ण आलं की पूर्ण पैसे. अर्ध्याचं अर्धं करायला लागलात की पुढच्या वेळी तो म्हणणार समोरच्या बाजूला मेहनत जास्त असते, ७० टक्के द्या, आणि त्याचंही बरोबरच असतं. पण मिस्टरांना हे नीट समजावून सांगा की अपुरं असणं आणि चुकीचं असणं यात फरक आहे. अपुरं असेल तर तेवढा हप्ता आपोआप पुढे जातो, चुकीचं असेल तर हप्ता दिला जातो आणि दुरुस्ती येते. १६ च्या १६ अडवले तर तो मनात काय म्हणेल, की चार लेबलं देऊनही पैसे नाहीत म्हणजे फायनल देऊनही मिळतील याची काय खात्री, आणि मग बदल करता येणाऱ्या मूळ, ओपन फाइल्स हातात धरून बसेल, तुमचा प्रेसचा नंबर निघून जाईल.

एक गोष्ट मात्र जमलं तर बिल यायच्या आधीच करा, दोन वेगळी बिलं मागा. त्याने १६ हजारांचं बिल आधीच पाठवलं असेल तर १२,८०० भरून गप्प बसू नका, सरळ सांगा की एक बिल १२,८०० चं करा आणि दुसरं ३,२०० चं गोडा मसाला आल्यावर. त्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर एकदा काढलेलं बिल कमी करायला त्याला क्रेडिट नोट काढावी लागते, उगाच त्याचा ताप वाढतो. बिल अजून नसेल तर फक्त एक मेसेज पुरतो.

आता वेळेचं बघू. ३ तारखेला फाइल्स आल्या त्याच दिवशी त्याला दोन ओळी जायला हव्या होत्या, गेल्या नसतील तर हे वाचून झाल्यावर लगेच पाठवा: "फाइल्स मिळाल्या. ही फक्त पोच आहे, काम तपासून ६ तारखेपर्यंत सगळे मुद्दे एकत्र पाठवते." त्यातलं "फक्त पोच आहे" हे महत्त्वाचं, नाहीतर आपण सवयीने "मस्त, थँक्यू" आणि वर एक अंगठा पाठवतो आणि पुढे तोच अंगठा पसंती म्हणून दाखवला जातो. मग ६ ला यादी, ९ पर्यंत त्याचं मुद्देवार उत्तर, १० ला पैसे. पैसे यादीच्या नंतर पण दुरुस्तीच्या आधी जातात, हा क्रम मी मुद्दाम ठेवतो. यादी आधी गेली की पैसे देणं म्हणजे सगळं मान्य असा अर्थ निघत नाही, आणि पैसे दुरुस्तीच्या आधी गेले की त्याला कळतं की यादीचा आणि तारखेचा संबंध नाही.

लेखी हरकत वेळेत जाण्याला कायद्याचंही कारण आहे, आणि हे खूप जणांना माहीत नसतं. तुमचा डिझायनर छोट्या उद्योगांच्या सरकारी उद्यम पोर्टलवर नोंदलेला असेल, आजकाल बरेच फ्रीलान्सर असतात कारण नोंदणी फुकट आहे, तर त्याला २००६ चा एमएसएमई कायदा लागू होतो. त्यात असं आहे की काम मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असंच धरतात. लेखी हरकत घेतली तर पैशाची मुदत ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मोजतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवस आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, त्यापुढे गेलं की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही असा नियम आलाय की सूक्ष्म आणि लघु उद्योगाला द्यायचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. तुमच्या हिशोबाला हे कसं लागतं ते सीएंना विचारा, पण त्याच्या बिलावर उद्यम नंबर आहे का ते आधी बघा. फोनवर "अहो ते अक्षरं तुटलीत" म्हणालात ती लेखी हरकत नाही.

आता यादी. ती लिहायच्या आधी एक काम करा, पाचही पीडीएफ कागदावर काढा. ए४ वर, पण प्रिंट करताना Actual size निवडा, Fit to page नको, नाहीतर लेबल मोठं होऊन येतं आणि घटकांची बारीक अक्षरं वाचता येतायत असा भास होतो. ते कागद कापून तुमच्या रिकाम्या पाउचवर चिकटवा आणि हातभर अंतरावरून वाचा. निम्म्या सूचना तिथेच खऱ्या का खोट्या ते कळतं. मोबाइलवर झूम करून काढलेल्या चुका मी यादीत धरतच नाही.

मग तुमच्या ज्या तक्रारी आहेत त्या वेगळ्या वेगळ्या करा, कारण तुम्ही एका दमात जे सांगितलंत त्यात तीन जातीच्या गोष्टी मिसळल्यात. पहिली जात, ठरलं होतं तसं आलं नाही. तुटलेली अक्षरं, नसलेली मागची बाजू. हे त्याने फुकट करायचं आणि ठरलेल्या दोन बदलांत मोजायचंही नाही. दुसरी जात, ठरलं तसंच आलंय पण आता आपलं मन बदललंय. सासूबाईंचा लाल. तुम्ही पहिल्या स्केचला तो लाल हो म्हणाला होतात ना? मग हा दोनपैकी एक बदल. पैसे नाहीत, पण एक संधी खर्च झाली, आणि हे तुम्ही स्वतःहून लिहायचं. तिसरी जात, जे ठरलंच नव्हतं. ५० ग्रॅमचं पाकीट. ते या यादीत येताच कामा नये, त्याचा वेगळा ईमेल, वेगळी रक्कम, वेगळी तारीख.

माझ्याकडे येणाऱ्या नव्या लोकांना मी हेच पहिलं शिकवतो कारण हप्त्यांचं वेळापत्रक मोडतं ते बहुतेक वेळा या तिसऱ्या जातीमुळे. नवं काम जुन्या यादीत घुसवलं की "फायनल फाइल्स" म्हणजे पाच का सहा हेच कोणाला सांगता येत नाही, आणि मग शेवटचे १२ हजार लटकतात. डिझायनर म्हणतो पाच झाली, द्या. तुम्ही म्हणता सहावं कुठंय.

काही मुद्दे कुठल्या जातीत घालायचे ते पटकन कळत नाही. रंग भडक दिसतोय हा तसाच. तुम्ही फोनवर बघितलाय ना, फोनचा स्क्रीन उजेडाने रंग दाखवतो, कागद शाईने. फाइल स्क्रीनच्या रंगांत, म्हणजे आरजीबीमध्ये असेल तर फोनवर लाल असा पेटल्यासारखा दिसतो आणि छापताना चार शायांच्या रंगांत, म्हणजे सीएमवायकेमध्ये गेला की एकदम उतरतो, आणि मग तुम्हीच म्हणाल फिका पडला. म्हणून तिथे "रंग कमी भडक करा" असं लिहू नका, प्रश्न लिहा, फाइल सीएमवायकेमध्ये आहे का, आणि प्रेसकडून एक डिजिटल प्रूफ, म्हणजे नमुना प्रिंट काढून त्यावर रंग ठरवू. उत्तर "आरजीबी आहे" आलं तर पहिली जात, कारण छपाईची लेबलं मागितली होती. सीएमवायके असूनही प्रूफवर नाही आवडला तर दुसरी जात. तुमच्या बाबतीत बरं हे आहे की सासूबाईंचा लालही त्याच प्रूफवर निघेल, म्हणजे दोन रंगांचे पट्टे एकाच कागदावर काढून घ्या आणि घरी एकदाच काय तो निर्णय करा.

तुटलेल्या अक्षरांचंही तसंच, काय दिसतंय ते लिहा, का झालं याचा निकाल तुम्ही देऊ नका. पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो, याची दोन कारणं नेहमी दिसतात. अक्षरं ओळखू येतात पण "मिरची"तली वेलांटी म च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसलीय किंवा "मिश्रण"मधला श्र फुटून त्यात हलन्त दिसतोय, तर बहुधा इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिपींची अक्षरं जुळवणारा कंपोझर चालू केलेला नाही, पाच मिनिटांचं काम आहे. पण ओळखूच येत नाहीत अशी चिन्हं किंवा चौकोन आले असतील तर तुम्ही पाठवलेला युनिकोड मजकूर त्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पेस्ट केलाय, किंवा उलट, आणि तिथे त्याला मजकूर परत टाइप करावा लागेल. परत टाइप करताना नव्या चुका होतात, हे धरून चालायचं. म्हणून यादीसोबत पाचही लेबलांचा पूर्ण मजकूर एका डॉक्युमेंटमध्ये आणि त्याचीच पीडीएफ अशी दोन्ही जोडा, पीडीएफमध्ये त्याला अक्षर कसं दिसायला हवं ते दिसतं. आणि तो मजकूर तुम्ही आधी दिला होता का ते बघा. घटक, निव्वळ वजन, एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर, पत्ता हे देणं तुमचं काम, ते व्हॉट्सअॅपवर तुकड्या तुकड्यात गेलं असेल आणि त्यातला एक तुकडा राहिला असेल तर ती दुरुस्ती पहिल्या जातीची नाही. गोडा मसाल्याची मागची बाजू का आली नाही हेही विचारा बरं, कदाचित त्याच्या घटकांची यादीच तुमच्याकडून गेली नसेल, तसं असलं तर ३,२०० थांबवायचा हक्क तुमचा नाही, पूर्ण १६ द्या.

प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी यायला हव्यात, कुठे, आत्ता काय आहे, काय हवं, आणि ते आधी कुठे ठरलं होतं. "मसाल्याचा फील येत नाहीये", "जरा प्रीमियम करा" असली वाक्यं खोडून टाका. त्यावर तो काहीही करून आणेल आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही, एक बदल मात्र संपेल. तसंच उपाय सांगत बसू नका, फॉन्ट अमुक पॉइंट करा वगैरे. "घटकांची यादी पाउचवर लावून हातभर अंतरावरून वाचता येत नाही" एवढं लिहा, फॉन्ट वाढवायचा का जागा काढायची ते तो ठरवेल, त्याचेच तर पैसे देतोय आपण.

तुमच्यासाठी मी हा ईमेल असा लिहिला असता. फाइलची नावं आणि तपशील तुमच्या फाइल्सप्रमाणे बदला, ३ नंबरचा मुद्दा मी नमुन्यादाखल धरलाय.

"नमस्कार. ३ तारखेला आलेल्या फाइल्स प्रत्यक्ष मापात प्रिंट काढून बघितल्या. कांदा लसूण आणि मालवणीची मांडणी आवडली, ती अशीच ठेवा. खालचे मुद्दे सोडून बाकी सगळं पक्कं धरा, त्यात पुढे नवीन सूचना येणार नाहीत.

ठरल्यापेक्षा वेगळं आलेलं, हे बदलांत मोजू नये:
१. goda_v1.pdf: फक्त पुढची बाजू आहे, मागची हवी. मजकूर २० तारखेच्या ईमेलमध्ये होता, परत जोडलाय.
२. kanda-lasun_v1.pdf, मागची बाजू, घटकांची दुसरी ओळ: 'मिरची'ची वेलांटी म नंतर दिसते. अशीच अडचण पाचही लेबलांवर आहे, प्रिंटवर लाल पेनने गोल केलेत, फोटो जोडलेत. जोडलेल्या पीडीएफप्रमाणे अक्षरं दिसायला हवीत.
३. malvani_v1.pdf, मागची बाजू: एफएसएसएआय नंबर १३ अंकी पडलाय, शेवटचा अंक राहिलाय.

प्रश्न:
४. फाइल्स सीएमवायकेमध्ये आहेत का? प्रेसकडून डिजिटल प्रूफ काढून रंग बघायचा आहे.

आमच्याकडून बदल, हा दोनपैकी पहिला धरा:
५. पाचही लेबलं: पुढच्या बाजूचा लाल थोडा गडद, मरूनकडे जाणारा हवा. जुन्या पाकिटाचा फोटो जोडलाय. दोन छटा द्या, प्रूफवर बघून एक कळवते.

कृपया ९ तारखेपर्यंत नंबरप्रमाणे कळवा, मान्य, अमान्य किंवा काही विचारायचं असेल तर. दुरुस्त सेट १४ तारखेला मिळावा.

पैशाचं: ठरल्याप्रमाणे १० तारखेला चार लेबलांचे १२,८०० पाठवते, त्याचं बिल द्या. गोडा मसाल्याचे ३,२०० ते लेबल पूर्ण मिळेल त्याच दिवशी. शेवटचे १२,००० ठरल्याप्रमाणे प्रेसला द्यायच्या फायनल फाइल्स आल्यावर. यातलं काही वरच्या मुद्द्यांमुळे बदलत नाही."

यात एक वाक्य तुम्हाला जड वाटेल, "बाकी सगळं पक्कं धरा." पण तेच वाक्य त्याला मोकळं करतं. डिझायनर लोक सगळ्यात जास्त वैतागतात ते पहिल्या फेरीत ज्यावर काही बोलणं नव्हतं त्यावर तिसऱ्या फेरीत सूचना आल्या की. ते लिहिण्याआधी मात्र घरात ज्याला ज्याला काही म्हणायचंय त्याला ६ तारखेपर्यंत बोलवून घ्या. सासूबाई, मिस्टर, तुमची मैत्रीण, सगळ्यांचं ऐका, भांडण व्हायचं ते स्वयंपाकघरातच होऊ दे, पण डिझायनरशी बोलणारी व्यक्ती एकच, तुम्ही. दोघांनी वेगवेगळं सांगितलं की तो त्यातलं सोपं ते करतो, आणि का नाही करणार.

कायद्याने सक्तीचं काही राहून गेलेलं नंतर सापडलं, म्हणजे समजा शाकाहारी हिरवं चिन्हच नाही, तर ते पक्कं धरलं असलं तरी सांगावंच लागेल. पण ते तसंच सांगा, "हे माझ्याकडून बघायचं राहिलं, सक्तीचं आहे, बदलांत मोजायचं असेल तर मोजा."

९ तारखेला उत्तर काय येतं त्यावरून पुढचं कळतं. नंबरप्रमाणे मान्य, मान्य, प्रश्न असं आलं तर काम सरळ आहे. "ओके, करतो सगळं" एवढंच आलं तर मी फोन करतो आणि एक एक नंबर वाचून घेतो, कारण असं उत्तर देणारा माणूस अर्धी यादी वाचून कामाला लागलेला असतो. आणि "५ नंबरला जास्त पैसे पडतील" असं आलं तर तिथल्या तिथे १० तारखेचा हप्ता मध्ये आणू नका. तेवढा एक मुद्दा बाजूला काढा, बाकी चार चालू ठेवा, १२,८०० वेळेत द्या आणि ५ नंबरचं बोलणं शांतपणे वेगळं करा. वाद एका मुद्द्याचा असला की पैसेही तेवढ्याच मुद्द्याचे अडतात, बाकीचे वाहत राहतात, हे दोघांनाही परवडतं.

१४ ला दुसरा सेट आला की आधी यादीतले नंबर तपासा, नव्या नजरेने सगळं परत बघायचा मोह टाळा. ते झालं की मग एकदा जुना आणि नवा प्रिंट शेजारी ठेवून जिथे काहीच बदलायला सांगितलं नव्हतं तिथले आकडे वाचा, किंमत, वजन, लायसन्स नंबर, फोन नंबर. मजकूर परत पेस्ट करताना हेच हलतात. मी तर एकजण मोठ्याने वाचतो आणि दुसरा बोट ठेवून बघतो असं करून घेतो. दुरुस्तीतून निर्माण झालेली नवी चूक ही पहिल्या जातीची, ती कितव्याही फेरीत आली तरी बदलांत मोजायची नाही.

शेवटच्या १२ हजारांबद्दल दोन गोष्टी आत्ताच लिहून घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. "फायनल फाइल्स" म्हणजे नक्की काय ते लिहा: फॉन्ट आउटलाइन केलेल्या, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेल्या सीएमवायके पीडीएफ, कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, बारीक अक्षरांचा काळा फक्त काळ्या शाईत, चार रंग मिसळून केलेला नाही, आणि सोबत ओपन .ai फाइल्स. काळ्याचं मुद्दाम सांगतो, चार प्लेट छापताना केसाएवढ्या जरी सरकल्या तरी चार रंगांतलं बारीक अक्षर दुहेरी दिसतं आणि नेमकी घटकांची यादीच वाचता येत नाही. दुसरं, हा हप्ता "प्रेसने फाइल तपासून घेतली" इथपर्यंतच बांधा, "लेबलं छापून आल्यावर" असं कधी लिहू नका. प्रेसवाल्याकडे लग्नसराईच्या पत्रिकांची गर्दी असली, कागद आला नाही, मशीन बंद पडलं, तर त्यात डिझायनरने का थांबायचं. उलट बाजूही लिहा, तुमच्याकडून उत्तर उशिरा गेलं तर त्याची तारीख तेवढे दिवस पुढे, आणि दुरुस्त सेट देऊन १५ दिवस तुमच्याकडून काहीच आलं नाही तर शेवटचा हप्ता देय. हे तुमच्याविरुद्ध वाटेल पण चांगला माणूस टिकवायचा असेल तर त्याला ही खात्री हवी असते. आणि लेबलांच्या कलाकृतीचे हक्क तुमच्याकडे येतात हेही त्याच कागदावर, त्याची सही घेऊन, कारण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क देणं लेखी आणि सही केलेलंच लागतं, पैसे दिले म्हणून आपोआप सगळं आपलं होतं असं धरू नका.

हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. पाचपैकी चार लेबलं तुम्ही सांगितलेल्या मापाचीच नाहीत, किंवा इंटरनेटवरून उचललेलं चित्र लावून दिलंय, असं असेल तर ती दुरुस्तीची यादी नसते. तिथे सेट आलाच नाही असं त्याच १५ दिवसांत लेखी कळवायचं, कारण द्यायचं, आणि पुढे काम चालू ठेवायचं का यावर बोलायचं. यादी सात-आठ मुद्द्यांच्या पुढे चालली आणि त्यातले बहुतेक पहिल्या जातीचे असले तरी मी लिहिणं थांबवून आधी फोन करतो, कारण मग त्याला काम समजलंच नाहीये, आणि पंचवीस मुद्द्यांनी ते समजणार नाही. तुमचं तसं अजिबात नाही, तुमचे पाच मुद्दे आहेत आणि त्यातला एक नुसता प्रश्न आहे.

५० ग्रॅमच्या पाकिटाचा ईमेल १० तारखेचे पैसे गेल्यावर पाठवा, आधी नको. त्यात पाकिटाचं प्रत्यक्ष माप द्या, रिकामं पाकीट असेल तर पट्टी ठेवून फोटो काढा, कुठल्या मसाल्यांसाठी हवं ते लिहा, आणि त्याला रक्कम विचारा. लेबल लहान केलं की काम लहान होतं असं गृहीत धरू नका, सक्तीचा मजकूर बराचसा तेवढाच राहतो आणि जागा कमी होते, त्यामुळे मागची बाजू त्याला पहिल्यापासून मांडावी लागते. तो जो आकडा सांगेल तो पटला तर त्याचेही दोनच हप्ते करा, निम्मे सुरुवातीला आणि निम्मे फाइल प्रेसने घेतल्यावर.